मे महिन्याचा घाम आणि लडाखची थंडी : आहाराचा हिशेब किती बदलावा?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. पोलादपूरजवळच्या एका गावातले एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय चोपन्न, वजन ७० किलो, पाच वर्षांपासून मधुमेह. मोजून खायची सवय लागावी म्हणून मी त्यांना आहाराचा तक्ता करून दिला होता आणि तो ते मनापासून पाळत होते. त्या दिवशी मात्र चेहरा विशेष खुललेला होता.

"डॉक्टरसाहेब, तुमच्या तक्त्यापेक्षा आमचं शेत बरं," ते म्हणाले. "काल सकाळी बांध घालायला गेलो. जाताना काट्यावर सत्तर किलो होतो, तीन तासांनी आलो तर अडुसष्ट किलो सहाशे ग्रॅम! उन्हात चरबी वितळते हेच खरं. आता भाकरी एक वाढवली तर चालेल ना?"

मी उत्तर देण्याआधीच त्यांनी दुसरा प्रश्न पुढे केला. आपल्या महाड तालुक्यात फौजी आंबवड्यासारखे गाव आहे, जिथे पिढ्यान् पिढ्या घराघरांतून माणसे सैन्यात गेली. महाड-पोलादपूर भागातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा सरहद्दीवर असतोच. यांचाही धाकटा लडाखमध्ये, चार हजार मीटरहून उंच अशा ठिकाणी होता. दोन महिने तिथे काढून तो रजेवर आला, तो जवळजवळ साडेसहा किलो उतरूनच. "तिथे खायला कमी नाही म्हणतो. मग थंडीने झडला का? आई रोज रडते. त्याला किती जास्त खायला सांगू?"

एकाच घरातले हे दोन प्रश्न. एक उन्हाचा, एक थंडीचा आणि उंचीचा. दोन्हींच्या मुळाशी एकच शंका आहे : हवामान बदलले की शरीराला लागणारे इंधन किती बदलते? वाचकहो, आज हा हिशेब आपण कागदावर मांडून पाहू.

आधी घरचा हिशेब

अन्नातून मिळणारी शक्ती आपण उष्मांकात मोजतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तो आहारशास्त्रातला एक उष्मांक. तांदळाची किंवा नाचणीची एक मध्यम भाकरी साधारण १५० ते १७५ उष्मांक देते. हे माप लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माणूस नुसता स्वस्थ पडून राहिला तरी हृदय, फुप्फुसे, मेंदू, यकृत यांचे काम चालूच असते. या कामाचा दिवसाचा खर्च म्हणजे मूलभूत चयापचय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आपल्या लोकांसाठी याची सोपी सूत्रे दिली आहेत. अठरा ते तीस वयाच्या पुरुषासाठी वजनाच्या किलोंना १४.५ ने गुणायचे आणि त्यात ६४५ मिळवायचे. आपल्या जवानाचे मूळ वजन ६० किलो आणि वय अठ्ठावीस. म्हणजे ८७० अधिक ६४५, एकूण १,५१५ उष्मांक. तासाला सुमारे ६३.

यावर हालचालीचा खर्च चढतो. बैठे काम असेल तर मूलभूत आकड्याला १.४ ने, मध्यम कष्टाचे असेल तर १.८ ने आणि फार कष्टाचे असेल तर २.३ ने गुणतात. हा मुलगा गावी शेतात आणि घरकामात मध्यम कष्ट करतो असे धरले, तर १,५१५ गुणिले १.८, म्हणजे दिवसाला सुमारे २,७२५ उष्मांक. हा झाला घरचा पाया. आता याच मुलाला आपण उन्हात, थंडीत आणि उंचीवर उभा करून पाहू.

जुने कोष्टक का गेले?

पूर्वी ही गोष्ट फार सोपी समजली जाई. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी १९५७ साली एक नियम दिला होता. ज्या प्रदेशाचे वर्षाचे सरासरी तापमान दहा अंश आहे तो आधार धरायचा. त्याहून दर दहा अंश जास्त उष्णतेला आहार पाच टक्के कमी करायचा आणि दर दहा अंश जास्त थंडीला तीन टक्के वाढवायचा. आपल्या कोकणाची सरासरी सत्तावीस अंशांच्या आसपास धरली, तर या नियमाने आपला आहार साडेआठ टक्क्यांनी, म्हणजे वरच्या मुलाच्या बाबतीत २३० उष्मांकांनी कापावा लागला असता. जवळजवळ दीड भाकरी!

१९७३ साली पुढच्या तज्ज्ञ समितीने हा नियम सोडून दिला. कारण साधे होते. माणूस झाडासारखा एका जागी उभा राहून ऊन-थंडी सोसत नाही. थंडी वाजली की घोंगडी घेतो, ऊन चढले की आंब्याच्या सावलीला बसतो. कातडीलगतची हवा तो आपल्याला सोसेल अशीच राखतो. हवामान त्याच्या वागण्यावर जेवढा परिणाम करते, तेवढा त्याच्या आतल्या भट्टीवर करत नाही. शिवाय आपल्या लोकांचा मूलभूत चयापचय पाश्चात्त्यांच्या सूत्रांपेक्षा सुमारे पाच टक्के कमी भरतो, हे भारतीय सूत्रांत आधीच धरलेले आहे. त्यातून पुन्हा उन्हासाठी कपात केली तर एकच वजावट दोनदा होते.

म्हणून आजचा नियम असा : सर्वांना सरसकट टक्के लावायचे नाहीत. अमुक माणूस, अमुक ठिकाणी, काय काम करतो आणि अंगावर काय घालतो, हे पाहून तेवढ्यापुरतीच दुरुस्ती करायची.

ऊन : खर्च थोडा, घाम फार

उष्णतेने खर्च वाढतो हे खरे आहे, पण थोडा. ताप आला की शरीराच्या दर एक अंश सेल्सिअस वाढीला मूलभूत चयापचय सुमारे तेरा टक्क्यांनी वाढतो, हे डॉक्टर मंडळी फार वर्षांपासून जाणतात. उन्हात काम करतानाही अंग थोडे तापते, हृदयाला कातडीकडे जादा रक्त ढकलावे लागते, घामाच्या ग्रंथी कामाला लागतात. यावरून एक ठोकताळा बसवला गेला : तीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान उघड्यावर कष्टाचे काम करणाऱ्याला, तिसाच्या वर दर अंशाला अर्धा टक्का जास्त.

महाडच्या मे महिन्यातले ३६ अंश धरा. तिसाच्या वर सहा अंश, म्हणजे तीन टक्के. २,७२५ चे तीन टक्के होतात सुमारे ८० उष्मांक. अर्धी भाकरी! आणि हीसुद्धा दिवसभर उन्हात राबणाऱ्याला. पंख्याखाली दुकानात बसणाऱ्याला काहीच नाही.

आता दुसरी बाजू पाहा. फावडे आणि टिकाव चालवताना तासाला २५० उष्मांक लागतात आणि सावलीत बसल्यावर सुमारे ८०. उन्हामुळे माणसाने दिवसातले दोन तास काम कमी केले, तर ३४० उष्मांक वाचले. अर्ध्या भाकरीची वाढ झाली आणि दोन भाकऱ्यांची घट! म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात बहुतेकांचा एकूण खर्च वाढत नाही, उलट कमीच होतो. उन्हात भूक मंदावते ती उगीच नव्हे.

मग आमच्या गृहस्थांचे १ किलो ४०० ग्रॅम गेले कुठे? त्यांनी कामावर असताना अर्धा लिटर पाणी प्यायले होते, तरी काटा एवढा खाली आला. म्हणजे तीन तासांत अंगातून जवळजवळ १ लिटर ९०० मिलिलिटर पाणी गेले. त्यांच्या कामाचा खर्च तासाला २५० धरला तर तीन तासांत ७५० झाला. पण घरी बसले असते तरी तासाला ६५ प्रमाणे दोनशेच्या आसपास लागलेच असते. खरा जादा खर्च साडेपाचशे. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक. साडेपाचशे उष्मांकांना चरबी लागते अवघी सत्तर ग्रॅम. चौदाशे ग्रॅममधले फार तर सत्तर ग्रॅम चरबीचे, बाकी सारे पाणी. ते संध्याकाळी तांब्याने परत येते, आणि यायलाच हवे.

काही वाचक विचारतील की घाम वाळताना उष्णता लागते ना? लागते. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० उष्मांक उष्णता घेऊन जातो. पण ती उष्णता कामामुळे अंगात आधीच तयार झालेली आणि उन्हाने बाहेरून दिलेली असते. घाम ती फक्त बाहेर नेऊन टाकतो, त्यासाठी नवी चरबी जाळत नाही. घरातला केर बाहेर टाकल्याने घरातले धान्य कमी होत नाही, तसेच हे. आणि आपल्या कोकणच्या दमट हवेत घाम वाळतो कुठे? तो निथळतो. निथळलेला घाम अंग गार करत नाही, नुसते पाणी आणि मीठ घेऊन जातो.

म्हणून उन्हाळ्यात दुरुस्ती करायची ती भाकरीत नव्हे, पाण्यात आणि मिठात. कामाच्या आधी आणि नंतर, ओले कपडे काढून, एकाच काट्यावर वजन करा. जेवढे ग्रॅम कमी भरतील तेवढे मिलिलिटर पाणी आणि वर थोडे, पुढच्या काही तासांत घोटाघोटाने भरून काढा. लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी अजून कमी पडते आहे. आपली मिठाची पेज या कामाला उत्तम. मात्र मधुमेह असलेल्याने पेजेतला भात जेवणाच्या हिशेबात धरावा आणि गूळ-साखर घातलेले पन्हे किंवा सरबत पाण्यासारखे पिऊ नये. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असेल, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पाणी आणि मीठ किती हे आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

मधुमेहींसाठी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेऊन उपाशीपोटी उन्हात कष्ट केले तर साखर फार खाली जाऊ शकते. तेव्हाही घाम फुटतो आणि घरचे समजतात, ऊन लागले. पण या घामाबरोबर हात थरथरतात, छातीत धडधडते, एकदम भूक लागते, माणूस चिडचिडा होतो किंवा बरळतो, आणि सावलीत बसूनही घाम थांबत नाही. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठा. उलट अंग चुलीसारखे तापले असेल आणि माणूस असंबद्ध बोलत असेल, तर तो उष्माघात. तेव्हा कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत, वारा घालतच रुग्णालयात न्यावे.

थंडी : कुडकुडलात तरच खर्च

आता मुलाकडे वळू. "थंडीत चरबी जळते" हा समज अर्धा खरा आहे. अंगात काही नसताना थंडी वाजू लागली, की शरीर स्नायूंना थरथरायला लावून उष्णता तयार करते. जोरात कुडकुडताना खर्च स्वस्थ असतानाच्या तिप्पट ते पाचपट होऊ शकतो. आपल्या जवानाचा तासाचा ६३ चा आकडा तिप्पट झाला तर १९०. पण तासभर असे कुडकुडत कोण बसतो? वीस मिनिटांत माणूस शेगडी शोधतो किंवा पांघरुणात शिरतो. वीस मिनिटांची जादा रक्कम होते चाळीस उष्मांक. पाव भाकरी.

पोलादपूरच्या जानेवारीतली पहाट, अंगावर शाल आणि कानाला मफलर, एवढ्यासाठी आहारात दुरुस्ती शून्य. थंडीत भूक लागते आणि चहाबरोबर चार भजी जास्त जातात हे खरे, पण ती भूक खर्चापेक्षा मोठी असते. म्हणूनच हिवाळ्यात पुष्कळांचे वजन वाढते.

लडाखमध्ये जवान पुरेसे कपडे घालूनच असतो. त्याचा जादा खर्च होतो तो थंडीशी झुंजण्यात कमी आणि त्या कपड्यांचे ओझे वाहण्यात जास्त. थरावर थर चढवलेले जाड कपडे हालचालीला अडवतात. याचे दोन ते पाच टक्के धरतात. बूट जड असतील तर आणखी : पायात घातलेला एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंइतका महाग पडतो, कारण तो प्रत्येक पावलाला उचलावा लागतो. आणि पाय रुतणाऱ्या बर्फात चालायचे तर सपाट रस्त्याच्या दुप्पट-तिप्पट श्रम होतात.

इथे गार पाण्याचाही हिशेब सांगून टाकतो, कारण वजन उतरवण्यासाठी बर्फाचे पाणी पिणारी मंडळी आपल्याकडेही आहेत. शून्य अंशाचे एक लिटर पाणी शरीराच्या ३७ अंशांवर आणायला ३७ उष्मांक लागतात. चतकोर भाकरीसुद्धा नीट भरत नाही. प्रत्यक्ष बर्फच खाल्ला तर तो वितळवायला लिटरमागे आणखी ८० लागतात, म्हणजे एकूण ११७. मैदानात हा आकडा किरकोळ आहे. पण बर्फात थकलेल्या, भुकेल्या माणसाने तहान भागवायला बर्फ चघळला तर त्याची अंगातली ऊब त्यातच जाते. म्हणून तिथे बर्फ स्टोव्हवर वितळवून, कोमट करूनच पितात.

उंची : इथे मात्र भट्टीच पेटते

उंचीची गोष्ट निराळी आहे. ऊन आणि थंडी यांपासून माणूस आडोसा करू शकतो, विरळ हवेपासून करू शकत नाही. तंबूत शिरले, घोंगडी घेतली, तरी प्रत्येक श्वासात प्राणवायू कमीच.

पण किती उंचीपासून? आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेले की पुष्कळांना वाटते, इथली हवाच अशी की दुप्पट भूक लागते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. तिथे प्राणवायूचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ८५ टक्के असतो आणि निरोगी माणसाच्या रक्ताला ते पुरते. भूक लागते ती उकाडा गेल्यामुळे आणि पायपीट झाल्यामुळे. उंचीसाठी दुरुस्ती शून्य. अडीच हजार मीटरपर्यंत हेच धरावे. लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे प्राणवायू दोन-तृतीयांशाच्या आसपास उरतो. साडेपाच हजारांवर तो निम्मा होतो.

अशा ठिकाणी श्वास आणि नाडी झोपेतसुद्धा जलद चालतात, शरीर सदैव सावध असल्यासारखे राहते, आणि मूलभूत चयापचय खरोखर वाढतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात पाईक्स पीक नावाचे ४,३०० मीटर उंचीचे शिखर आहे. तिथे तरुण पुरुषांना तीन आठवडे ठेवून केलेले मोजमाप १९९२ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या दिवशी मूलभूत चयापचय २७ टक्क्यांनी चढलेला होता. दहाव्या दिवसापर्यंत तो उतरून १७ टक्क्यांवर आला आणि तिथेच स्थिरावला. शरीर सरावते, पण पूर्वपदावर येत नाही.

हिशेबात सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच. हे १७ टक्के एकूण खर्चावर लावायचे नसतात, फक्त मूलभूत आकड्यावर लावायचे असतात. १,५१५ चे १७ टक्के म्हणजे सुमारे २६०. एकूण २,७२५ वर लावले तर ४६० पेक्षा जास्त होतात, म्हणजे दोनशे उष्मांक फुकटचे मोजले जातात. चालण्याला, ओझे उचलण्याला उंचीवर साधारण तेवढाच खर्च येतो जेवढा गावी येतो. फक्त दम लवकर लागतो, कारण कमाल ताकद घटलेली असते.

आता जवानाची बेरीज करू. घरचा पाया २,७२५. उंचीचे २६०. कपड्यांचे तीन टक्के धरले तर ८०. बर्फातल्या चालण्याचे रोज दीडशे. एकूण ३,२१५, म्हणजे सोयीसाठी ३,२००. घरच्यापेक्षा पावणेपाचशे जास्त, जवळजवळ तीन भाकऱ्या.

मग तो झडला तो या तीन भाकऱ्यांमुळे का? मी त्याला बोलावून विचारले, "जेवायला काय असायचे, ते नको सांगू. ताटातून पोटात काय जायचे ते सांग." तो हसला. म्हणाला, सुरुवातीला जेवणाचा वासही नको वाटायचा. चार घास घेतले की पोट भरल्यासारखे. चहा मात्र चालायचा. त्याने सांगितलेले खाणे मी कागदावर मांडले, तर ते २,५०० च्या आसपास भरले. विरळ हवेत भूक मरते, हा त्या उंचीचा गुणच आहे. एकीकडे खर्च वाढलेला आणि दुसरीकडे आवक घटलेली. रोज सातशेची तूट, साठ दिवसांची ४२,०००. भागिले ७,७०० केले की साडेपाच किलो. शिवाय उंचीवर गेल्यावर पहिल्या काही दिवसांत शरीर लघवीवाटे पाणी टाकते आणि कोरड्या हवेत श्वासावाटेही ते जाते. त्याचे एक किलो धरा. झाले साडेसहा.

एवढा तंतोतंत जमलेला हिशेब पाहून फसू नका. झडलेल्या वजनात थोडे मांसही असते आणि एक किलो मांसात चरबीइतके उष्मांक नसतात. खाण्याची आठवणही सैल असते. पण तुटीचे मोठे कारण कोणते हे यातून स्पष्ट दिसते : पावणेपाचशेचा जादा खर्च त्याला टाळता आला नसता, पण घरच्यापेक्षा सव्वादोनशे कमी खाणे टाळता येण्यासारखे होते.

त्याला मी सांगितले ते असे. भूक लागण्याची वाट पाहू नकोस, घड्याळाकडे पाहून खा. दोन मोठ्या जेवणांऐवजी सहा लहान वेळा धर. खिशात शेंगदाण्याची चिक्की, खजूर, बेदाणे ठेव. पहिल्या आठवड्यात तळलेल्या, तुपकट पदार्थांपेक्षा भात, पोळी, बटाटा, गूळ यांवर भर दे, कारण तेवढ्याच प्राणवायूत पिष्ट पदार्थ चरबीपेक्षा सात-आठ टक्के जास्त शक्ती देतात आणि मळमळीत ते सोसतातही. नुसत्या चहाऐवजी दूध-साखर घातलेले गरम पेय किंवा सूप घे. आठवड्यातून एकदा, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर वजन कर. पहिल्या आठवड्यातला किलोभर पाण्याचा, तो सोडून दे. त्यानंतर सलग दोन आठवडे अर्ध्या किलोहून जास्त उतरत राहिले, तर रोजचे खाणे ५०० उष्मांकांनी वाढव आणि आपल्या डॉक्टरांना दाखव. पाच हजार मीटरच्या वर मात्र उत्तम खाऊनही वजन थोडे उतरतेच. ते खाली आल्यावर भरून निघते.

केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर आहे आणि अमरनाथची गुहा त्याहूनही उंच. आपल्या गावांतून तिकडे यात्रेला जाणाऱ्यांनी एक भेद ध्यानात ठेवावा. नुसती भूक मंदावणे वेगळे. पण डोके दुखणे, उलटी, चक्कर आणि झोप न लागणे ही लक्षणे भूक जाण्याच्या जोडीला आली, तर तो उंचीचा आजार समजावा. त्यावर जास्त खाणे हा उपाय नाही. तिथेच थांबावे, वर चढू नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर रात्र असली तरी खाली उतरवावे.

चार ओळींचा तक्ता

मूळ हिशेब आधी आपल्या वजन, वय आणि कामावरून करा. उन्हाळ्यात उघड्यावर राबणाऱ्याने तीस अंशांच्या वर दर अंशाला एकूण खर्चाच्या अर्धा टक्का धरावा, पण काम कमी झाले असेल तर तेवढे वजा करावे. बाकी सर्वांना शून्य. थंडीत नीट कपडे असतील तर आपल्या भागात शून्य आणि बर्फाळ प्रदेशात कपड्यांचे दोन ते पाच टक्के. उंचीसाठी अडीच हजार मीटरपर्यंत शून्य. लेहच्या उंचीवर मूलभूत आकड्याच्या सुमारे दहा टक्के हा माझा कामचलाऊ अंदाज, आणि ४,३०० मीटरच्या आसपास सतरा टक्के, पहिल्या दोन-चार दिवसांत त्याहून जास्त. यानंतर कागद बाजूला ठेवून दर आठवड्याला काटा पाहावा आणि काटा सांगेल तसे शंभर-दोनशे उष्मांकांनी इकडेतिकडे करावे.

आमच्या गृहस्थांना भाकरी वाढवून मिळाली नाही. तक्ता तोच राहिला. फक्त बांधावर जाताना दोन लिटरची बाटली आणि खिशात साखरेची पुडी एवढे वाढले. मुलगा रजेच्या पाच आठवड्यांत चार किलो भरून निघाला, आईच्या हातच्या भाताने. जाताना त्याने पिशवीत कपडे कमी आणि चिक्की जास्त भरली, असे त्याचे वडील पुढच्या खेपेस सांगत होते.